भाड्याच्या जुन्या घरात गिझर बसवण्याआधी: मालकाकडून वायरिंग आणि अर्थिंग कसं करून घ्यायचं

रत्नागिरीच्या आसपास मी अठरा वर्षं वायरिंगची कामं करतोय. पावसाळा सरला की दरवर्षी एक फोन ठरलेला असतो: "दादा, नवीन गिझर आणलाय, येऊन तेवढा लावून द्या." घर भाड्याचं, जांभ्याच्या भिंतींचं, वर कौलं. आत गेलं की भिंतीवर लाकडी पट्टीवरून गेलेली तीस-चाळीस वर्षांपूर्वीची वायर दिसते आणि दाराशेजारी चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. बोर्डावर तीन भोकांचं सॉकेट असतं, पण ते उघडलं तर वरच्या भोकाला तारच नसते. अशा घरात मी गिझर लावत नाही. लोक नाराज होतात, कारण वायरिंग मालकाचं, मालक मुंबईला, आणि गिझर तर घरात येऊन पडलेला. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मालकाकडे नेमकं काय मागायचं, कशा शब्दांत मागायचं, आणि काम झाल्यावर ते खरंच झालंय हे कसं ओळखायचं, एवढंच मी सांगणार आहे.

उदाहरण गेल्या वर्षीच्या एका कामाचं घेतो. भाडेकरू शाळेत शिक्षिका. घरात सासूबाई संधिवाताने त्रासलेल्या, म्हणून गरम पाण्याची निकड. भाडं महिना ७,००० रुपये. मालक काका परळला राहणारे, गणपतीत आणि मे महिन्यात घरी येणारे. गिझर १५ लिटरचा, २,००० वॉटचा.

गिझरच का नडतो

२,००० वॉटला २३० व्होल्टने भागलं की साधारण ८.७ अँपिअर येतात. आकडा फार मोठा वाटत नाही. पण पंखा एक अँपिअरही घेत नाही, आणि जुनी वायर पंखे-दिव्यांच्याच हिशोबाने टाकलेली असते. त्या काळी घरगुती कामाला ३/२२ नावाची वायर सर्रास वापरत. तिच्यातलं तांबं जेमतेम सव्वा चौरस मिलिमीटर भरतं. नवी असताना तिने हा भार थोडा वेळ पेलला असता. आता तिचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं, सांधे सैल झालेले असतात, आणि त्याच लाइनवर फ्रिज, मिक्सर आणि विहिरीचा पंपही असतो. सकाळी सहाला गिझर आणि पंप एकत्र चालले की आधी तापतो तो सांधा, वायर नंतर.

दुसरं कारण याहून गंभीर आहे. गिझरमध्ये तापणारा रॉड पाण्यात बुडालेला असतो. रॉडच्या आतली तार आणि पाणी यांच्यामध्ये धातूचं एक पातळ आवरण आणि त्याच्या आत पांढरी भुकटी, एवढंच असतं. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. ते हे आवरण गोड्या पाण्यापेक्षा लवकर खातं. आवरणाला बारीक भेग पडली की वीज पाण्यात आणि टाकीच्या धातूवर उतरते. आंघोळ करणारा माणूस ओल्या फरशीवर अनवाणी उभा असतो. म्हणून मी गिझरच्या बाबतीत तडजोड करत नाही.

पहिली पायरी: मालकाला फोन करण्याआधी घर पाहून घ्या

बोर्ड उघडायचा नाही. न उघडताही बरंच कळतं. पुढच्या गोष्टी पाहा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मीटरपासून सुरुवात करा. मेन स्विचनंतर किटकॅट आहेत की जास्त भार आला की आपोआप पडणाऱ्या एमसीबी? किटकॅटच्या आत फ्यूज वायरच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळलेली असेल, तर ती लाइन कधीच तुटणार नाही, फक्त जळेल. हे मात्र वायरमनने मेन बंद करूनच पाहायचं. तुम्ही बाहेरून फोटो घ्या. मग मेन स्विचपासून कुठेतरी हिरवी वायर किंवा गॅल्व्हनाइज्ड तार जमिनीकडे उतरते का ते शोधा. ती परसात कुठे जाते? तिच्या टोकाशी चेंबर आहे, की ती नुसती मातीत गायब होते? अनेक घरांत ती नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली दिसते. पूर्वी ते चालून जायचं. आता मधला एखादा पाइप बदलून प्लॅस्टिकचा झालेला असतो, आणि अर्थिंग तिथेच संपतं.

इस्त्री लावल्यावर दिवे मंद होतात का? सॉकेटभोवती तपकिरी डाग आहेत का? फ्रिजच्या दाराला ओल्या हाताने मुंग्या येतात का? याची उत्तरं तारखेसह लिहून ठेवा. "एप्रिलपासून फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात" हे वाक्य मालकाला "वायरिंग जुनं आहे" यापेक्षा कितीतरी लवकर पटतं.

दुकानात तीन दिव्यांचा एक छोटा सॉकेट टेस्टर मिळतो. तो सॉकेटमध्ये खोचला की अर्थची तार जोडलेली आहे की नाही ते दिसतं. पण त्याचा हिरवा दिवा पाहून निश्चिंत होऊ नका. अर्थ किती चांगला आहे हे त्याला कळत नाही. एक खोटा अर्थही त्याला ओळखता येत नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

शेवटी वीजबिल काढा. त्यावर "मंजूर भार" असा रकाना असतो. जुन्या घरांत तो बरेचदा एक किलोवॉटच्या आसपास असतो. एकट्या गिझरचे दोन किलोवॉट झाले. भार वाढवायचा अर्ज महावितरणकडे करावा लागतो, आणि तो ज्याच्या नावावर मीटर आहे त्याने, म्हणजे मालकाने करायचा. मागण्यांच्या यादीत हे आजच लिहून ठेवा, कारण सगळं झाल्यावर "तेवढी सही राहिली" म्हणून पुन्हा सहा महिने जातात.

"अर्थिंग करून द्या" एवढंच मागू नका

हा भाग शांतपणे वाचा. इथेच बहुतेक भाडेकरू आणि मालक दोघंही फसतात, आणि तेही पैसे खर्च करून.

आपल्याकडे बहुतेक घरांना खांबावरून दोनच तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थ आपला आपण करायचा असतो. जमिनीत पाइप पुरायचा आणि त्याची तार घरभर फिरवायची. लोकांची समजूत अशी की अर्थ असला म्हणजे वीज जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. जमीन वीज सहज वाहून नेणारी असेल तरच हे खरं. आपला जांभा तशी जमीन नाही. पावसाळ्यात तो भिजलेला असतो तोवर ठीक, पण एप्रिल-मेमध्ये तो इतका कोरडा होतो की विजेला मोठा अडथळा करतो.

शिक्षिकाबाईंच्या घरी पहिला पाइप पुरून एप्रिलच्या शेवटी मोजलं, तेव्हा अर्थचा रोध ३८ ओहम आला. खांबाकडच्या बाजूचे साधारण दोन धरू, म्हणजे एकूण ४०. आता समजा गिझरचा रॉड फुटला आणि फेज टाकीला लागला. २३० भागिले ४०, म्हणजे पावणेसहा अँपिअर. गिझरच्या लाइनला एमसीबी असते १६ अँपिअरची. पावणेसहा अँपिअरने ती पडणारच नाही. आणि तेवढा वेळ टाकीवर, नळावर, शॉवरवर ३८ गुणिले पावणेसहा, म्हणजे सुमारे २१८ व्होल्ट उभे असतील. अर्थिंग केलेलं आहे, एमसीबी नवी आहे, पैसे दिलेले आहेत, आणि नळाला २१८ व्होल्ट आहेत.

पुढे आम्ही दुसरा पाइप न्हाणीचं पाणी जातं त्या कडेला पुरून दोन्ही जोडले. रोध १७ ओहमवर आला. चांगली सुधारणा झाली. तरी हिशोब करा: २३० भागिले १९, म्हणजे १२ अँपिअर. १६ची एमसीबी अजूनही पडत नाही.

म्हणून सोबत आरसीसीबी हवीच. ती फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज सतत तोलत असते. मधे ३० मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा तेहतिसावा हिस्सा, जरी दुसरीकडे गळला तरी ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत लाइन तोडते. ३८ ओहमच्या त्याच अर्थवर ३० मिलिअँपिअर म्हणजे सव्वा व्होल्टसुद्धा नाही. टाकीवर धोक्याचा दाब साठण्याआधीच पुरवठा बंद झालेला असतो.

मग नुसती आरसीसीबी लावून अर्थ सोडून द्यायचा का? तसंही नाही. अर्थ नसेल तर गळलेल्या विजेला जायला वाटच नसते. ती वाट कोणीतरी नळाला हात लावल्यावर मिळते. तेव्हा आरसीसीबी पडेल, पण त्या माणसाला झटका बसल्यावर. अर्थ असेल तर बाथरूममध्ये कोणी नसतानाच ती पडते. म्हणून मागणी नेहमी जोडीने करायची: अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी.

आता त्या खोट्या अर्थबद्दल. काही जण सॉकेटच्या आत न्यूट्रलची तार वरच्या अर्थच्या भोकाला जोडून देतात. खड्डा नको, पाइप नको, टेस्टरचा हिरवा दिवाही लागतो. हे जीवघेणं आहे. झाड पडून किंवा खांबावरचा सांधा गंजून न्यूट्रल तुटला की त्या सॉकेटवरच्या प्रत्येक यंत्राच्या धातूवर फेज येतो, यंत्र बिघडलेलं नसतानाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनकडे धडकलं, तेव्हा खांब आणि तारा कशा लोळल्या होत्या ते इकडच्या लोकांनी पाहिलंय. दर जूनच्या पहिल्या वाऱ्यात तेच लहान प्रमाणात होतं. वायरमन खड्डा न खणता एका तासात "अर्थिंग झालं" म्हणाला, तर सॉकेट उघडून दाखवायला सांगा.

मागणी कशी करायची

फोनवर बोलून घ्याच, आपल्याकडे माणूस बोलल्याशिवाय काही होत नाही. पण बोलण्याआधी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून घर तपासून खर्चाचा लेखी अंदाज घ्या. मालकाला "काहीतरी करा" म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे लाखभर रुपये आणि खणलेलं घर उभं राहतं. कागद पुढे ठेवला की तो त्यातल्या एकेका ओळीवर बोलू लागतो.

वेळही सांभाळा. गणपतीच्या आदल्या पंधरवड्यात कुठलाच वायरमन मोकळा नसतो, आणि मालकही आरतीच्या गडबडीत हे ऐकून सोडून देतो. मालक मे महिन्यात येणार असेल तर ती उत्तम वेळ. जमीन सगळ्यात कोरडी असते, म्हणजे अर्थचा आकडा सगळ्यात वाईट येतो, आणि त्या आकड्यावर काम पास केलं की वर्षभर काळजी नाही. खड्डाही पाणी न लागता खणता येतो.

शिक्षिकाबाईंनी पाठवलेलं पत्र मी त्यांच्या परवानगीने थोडं बदलून देतो. व्हॉट्सअपवर फोटोसह पाठवा आणि त्याची एक प्रत स्पीड पोस्टाने धाडा.

> ती. काकांस सा. न. वि. वि.
>
> आपल्या घरात आम्ही तीन वर्षं राहतो आहोत. आईंच्या दुखण्यामुळे गिझर बसवण्याची गरज आहे. त्यासाठी परवानाधारक ठेकेदाराकडून वायरिंग तपासून घेतलं. त्यांचा अहवाल, अंदाजपत्रक आणि फोटो सोबत जोडले आहेत. घराला अर्थिंग नाही, मेन बोर्डावर किटकॅट फ्यूज आहेत, आणि १२ एप्रिलपासून फ्रिजला हात लावल्यावर शॉक जाणवतो.
>
> आपणास विनंती आहे की, (१) परसात अर्थिंगचा खड्डा करून त्याची तार मेन बोर्डापर्यंत व सॉकेटपर्यंत आणावी, (२) किटकॅट काढून एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असलेला बोर्ड बसवावा, (३) गिझरसाठी बोर्डापासून स्वतंत्र लाइन टाकण्यास परवानगी द्यावी, तिचा खर्च मी करेन, (४) मंजूर भार वाढवण्याच्या अर्जावर सही करावी.
>
> पहिल्या दोन कामांचा खर्च मी आता करून भाड्यातून दरमहा वळता करून घ्यावा, असं आपणास चालत असेल तर तसं लिहून कळवावं. आपलं लेखी उत्तर येईपर्यंत भिंतीला वा वायरिंगला हात लावणार नाही.

शेवटचं वाक्य गाळू नका. मालकाला खरी भीती असते की भाडेकरू परस्पर घर फोडेल आणि मग हक्क सांगेल. ते वाक्य वाचून काकांचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला. फोनवर म्हणाले, "बाई, आमचे वडील याच घरात वारले, तेव्हाही हीच वायर होती. काही झालं नाही हो."

बाईंनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "काका, तेव्हा न्हाणीत चूल होती. आता तिथे दोन हजार वॉट येणार आहेत."

खर्चाची वाटणी

या कामाचा एकूण खर्च २२,३०० रुपये झाला. त्यात आरसीसीबी, एमसीबी आणि बोर्डाचे ४,२०० होते. सॉकेटना फिरवायची हिरवी वायर १,९००, पाइप-पट्टी १,२००. अर्थिंगचं सामान ३,२००, जांभ्यात खड्डे खणायची मजुरी २,०००, वायरमनची मजुरी ६,००० आणि चाचण्यांचे १,०००. गिझरच्या स्वतंत्र लाइनची वायर २,८०० ची. तुमच्याकडे दर वेगळे असतील, पण कशाला किती लागतं याचा अंदाज येईल.

वाटणीला मी एक सोपा नियम सांगतो: घराबरोबर राहणारं मालकाचं, तुमच्याबरोबर जाणारं तुमचं. अर्थिंग आणि बोर्ड घराचे. गिझर तुमचा. गिझरची लाइन मधली, कारण ती राहते घरात पण लागते तुमच्यासाठी. तिथे भाडेकरूने पुढे व्हावं. बाईंनी लाइनची वायर आणि तिच्या मजुरीचे १,५०० मिळून ४,३०० स्वतः सोसले. उरलेले १८,००० काकांचे. ते बाईंनी आधी भरले आणि सहा महिने भाड्यातून ३,००० वळते झाले. भाडं भरल्याच्या प्रत्येक पावतीवर "४,००० रोख, ३,००० वायरिंगपोटी वळते" असं लिहून घेतलं. हे लिहिणं महत्त्वाचं, नाहीतर दोन वर्षांनी तेच भाडं थकलेलं ठरतं.

मालक नाहीच म्हणाला तर

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोग्या दुरुस्तीत ठेवणं मालकाचं काम आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वजा करू शकतो. पण एका वर्षात वजा होणारी रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त असता कामा नये. ७,००० भाड्याला वर्षाचे ८४,००० होतात आणि चौथा हिस्सा २१,०००.

याला तीन मर्यादा आहेत, त्या डोक्यात ठेवा. हा कायदा ठरावीक क्षेत्रांनाच लागू आहे. तुमचं गाव त्यात येतं का, हे तालुक्याच्या वकिलाला विचारा. दुसरं, हे कलम भाडेकरूसाठी आहे. तुमचा करार अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असेल तर कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नाही, आणि या कलमाचा आधार तुम्हाला थेट मिळत नाही. मग कराराचं नूतनीकरण हीच तुमची खरी संधी. नव्या करारात वायरिंगचं कलम घालून घ्या, सही त्यानंतर. तिसरं, शॉक देणारी वायर बदलणं ही दुरुस्ती आहे, पण नव्या गिझरसाठी नवी लाइन टाकणं ही सुधारणा आहे असं मालकाचा वकील म्हणू शकतो. म्हणूनच पत्रात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मांडल्या आहेत.

मालक घरभर काम करायला तयार नाही, पण परवानगी द्यायला तयार आहे, असंही होतं. अशा वेळी कमीत कमी एवढं करा: मेन स्विचपासून गिझरपर्यंत संपूर्ण स्वतंत्र लाइन, तिच्या सुरुवातीला एकच आरसीबीओ (यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्हींचं काम होतं), आणि परसात अर्थचा पाइप. बाकी घर जुनंच राहील, त्याचा धोकाही राहील, पण न्हाणी सुरक्षित होईल. तेवढीही परवानगी नसेल तर गिझर बसवू नका. गॅसवर किंवा बंबात पाणी तापवा, आणि तोवर दुसरं घर शोधा.

काम चालू असताना काय पाहायचं

गिझरच्या लाइनला चार एमएमची तांब्याची वायर घ्यावी असं माझं मत आहे. अडीच एमएमने भार पेलतो, पण इथल्या खाऱ्या हवेत टोकं लवकर काळी पडतात आणि पुढे कोणीतरी तीन किलोवॉटचा गिझर आणतोच. एमसीबी १६ अँपिअरची. स्विच दोन्ही तारा तोडणारा, डीपी, आणि तो न्हाणीच्या दाराबाहेर. वाटेत एकही सांधा नको.

अर्थिंगसाठी ४० मिलिमीटरचा, अडीच मीटर लांबीचा गॅल्व्हनाइज्ड पाइप लागतो. घराच्या पायापासून तो निदान दीड मीटर लांब असावा. पारंपरिक पद्धतीत भोवती मीठ आणि कोळसा भरतात. किनाऱ्याजवळ मी मीठ टाळतो, कारण जमीन आधीच खारी असते आणि पाइप चार-पाच पावसाळ्यांत खाऊन जातो. त्याऐवजी बेंटोनाइटची भुकटी भरावी. ती ओल धरून ठेवते. जागा निवडताना परसातली केळ शोधा. केळ जिथे बारा महिने हिरवी, तिथे जमिनीत ओल आहे.

पाइपाहून आधी बिघडतो तो वरचा जोड. तांब्याची तार थेट गॅल्व्हनाइज्ड पाइपाला आवळली की दोन धातूंमध्ये ओलाव्याने गंज धरतो, आणि बाहेरून घट्ट दिसणारा बोल्ट आतून सुटलेला असतो. चेंबरपर्यंत गॅल्व्हनाइज्ड पट्टी आणावी, तांब्याच्या तारेला कल्हई केलेला लग लावावा, आणि जोडावर ग्रीस फासावं. चेंबरला उघडणारं झाकण हवं. सिमेंटने बुजवून टाकलेलं अर्थिंग पुन्हा कोणाला तपासता येत नाही.

एक अडचण जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात येते. आरसीसीबी लावली की पहिलाच दिवा लावताना ती पडते. वायरमन म्हणतो, "पीस खराब आहे, काढून टाकू." काढू देऊ नका. बहुतेक वेळा जुन्या वायरिंगमध्ये एका खोलीचा न्यूट्रल आरसीसीबीतून न जाता दुसरीकडून उचललेला असतो, कधी शेजारच्या बिऱ्हाडाच्या मीटरवरूनही. गेलेली आणि आलेली वीज जुळत नाही म्हणून ती पडते. तिचं कामच ते आहे. तो न्यूट्रल शोधून सरळ करायला अर्धा दिवस लागतो. काकांच्या घरी माजघराचा दिवा ओटीच्या न्यूट्रलवर होता.

पैसे चुकते करण्याआधी

वायरमन फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून दाखवेल, "बघा, पेटला, अर्थिंग ओके." शंभर वॉटचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. ५० ओहमच्या वाईट अर्थवरही तो जवळपास पूर्ण उजेड देतो. त्याने काहीच सिद्ध होत नाही. शिवाय लाइनला आरसीसीबी असेल तर बल्ब पेटण्याआधी ती पडायला हवी. पडली नाही, तर ती बिघडली आहे किंवा जोडणी चुकली आहे.

तुम्हाला कागदावर तीन गोष्टी हव्यात. अर्थ टेस्टरने मोजलेला रोध, तारखेसह. ५०० व्होल्टच्या मेगर यंत्राने मोजलेलं प्रत्येक लाइनचं इन्सुलेशन, म्हणजे वायरच्या आवरणाचा रोध, जो एक मेगाओहमच्या खाली नको. ही चाचणी मे महिन्यात झाली असेल तर जुलैमध्ये, भिंती भिजल्यावर, जुन्या लाइनांवर पुन्हा करायला सांगा, कारण कोरड्या दिवसांत तडकलेली वायरही पास होते. आणि तिसरं, आरसीसीबी किती मिलिअँपिअरला आणि किती वेळात पडली. खाली ठेकेदाराची सही आणि परवाना क्रमांक. भार वाढवायच्या अर्जालाही चाचणी अहवाल लागतो, तेव्हा हे काम दोनदा करावं लागत नाही.

यातली एक प्रत मालकाला पाठवा. काकांनी ती घराच्या कागदपत्रांच्या फायलीत लावली आणि शेजारच्या वाड्याच्या मालकालाही दाखवली.

मग कराराच्या मागच्या पानावर चार ओळी लिहून दोघांनी सह्या करा: गिझर भाडेकरूचा, सोडताना तो नेईल, लाइन, बोर्ड आणि अर्थिंग घराचं, त्यापोटी अनामत कापली जाणार नाही, भिंतीची भोकं भाडेकरू बुजवून देईल. आरसीसीबीवर "टी" लिहिलेलं बटण असतं. महिन्याच्या पहिल्या तारखेला ते दाबा. ती पडली पाहिजे. पडली नाही तर त्या दिवशी गिझर लावू नका. बटणाने अर्थ मात्र तपासला जात नाही. त्यासाठी दर मे महिन्यात चेंबरचं झाकण उघडून जोड पाहा, आणि दोन वर्षांतून एकदा आकडा पुन्हा मोजून घ्या.